जानेवारीत ७२ किलो पातळ पोहे? एक्सेलच्या ट्रेंडलाइनवर माल भरताना या चुका टाळा

किराणा दुकानात पातळ पोह्यांची विक्री वर्षभर जवळपास सारखी असते. दिवाळीच्या फराळाला चिवडा करायची वेळ आली की ती एकदम उसळते. ट्रेंडलाइन नेमकी इथेच फसते. समजा, एका दुकानाची २०२४ सालची जानेवारी ते डिसेंबर विक्री किलोमध्ये अशी आहे: ४०, ३८, ४२, ४१, ४३, ४०, ४२, ४६, ५०, १३०, ६०, ४४.

या आकड्यांचा आलेख काढून Add Trendline मध्ये Linear निवडलं, तर रेषा दर महिन्याला सुमारे ३.२ किलोने चढताना दिसते. पुढच्या जानेवारीचा अंदाज सूत्राने काढू. A रकान्यात १ ते १२ हे महिन्यांचे क्रमांक आहेत, B मध्ये विक्री.

```
=FORECAST.LINEAR(13,B2:B13,A2:A13)
```

उत्तर येतं ७२ किलो. मागच्या जानेवारीत खपले होते ४०. धंदा काही वर्षात जवळपास दुप्पट झालेला नाही. ऑक्टोबरचे १३० किलो वर्षाच्या शेवटाकडे आहेत, म्हणून त्यांनी रेषेचं उजवं टोक वर ओढलं. गंमत अशी की हीच रेषा पुढच्या ऑक्टोबरसाठी फक्त १०१ किलो सांगते. म्हणजे जानेवारीत पोहे पडून राहणार आणि दिवाळीत गिऱ्हाईक परत जाणार. आलेखावर R² दाखवायला सांगितलं असतं, तर ०.२० दिसलं असतं. विक्रीतल्या चढउताराचा जेमतेम पाचवा हिस्सा ही रेषा पकडते, एवढाच त्याचा अर्थ.

उपाय साधा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर बाजूला ठेवा आणि उरलेल्या दहा महिन्यांवर रेषा काढा. मात्र इथेही एक खड्डा आहे. त्या दोन ओळी नुसत्या काढून टाकल्या आणि महिन्यांची नावं लिहिलेला लाइन चार्ट ठेवला, तर एक्सेल डिसेंबरला दहावा महिना समजतं. म्हणून दहा ओळी शेजारी D आणि E रकान्यांत उतरवा, डिसेंबरचा क्रमांक १२ च ठेवा आणि आलेख हवाच असेल तर स्कॅटर घ्या.

```
=FORECAST.LINEAR(13,E2:E11,D2:D11)
=STEYX(E2:E11,D2:D11)
```

आता अंदाज येतो सुमारे ४८ किलो. दुसरं सूत्र सांगतं की आकडे रेषेपासून साधारण २.६ किलोने इकडेतिकडे असतात. सगळे महिने धरले होते तेव्हा हीच चूक जवळपास २४ किलो होती. पण ४८ हा आकडा छातीठोक समजू नका. हाताशी दहाच महिने आहेत आणि आपण रेषेच्या टोकाबाहेर पाऊल टाकतोय, त्यामुळे खरी विक्री ४० ते ५५ च्या मध्ये कुठेही पडू शकते. पोहे टिकतात, तेव्हा वरच्या आकड्याजवळ भरलेत तरी चालेल. पनीर किंवा ब्रेडसारख्या नाशवंत मालाला मी तसं करणार नाही.

R² कमी दिसला की पुष्कळ जण Polynomial निवडतात आणि Order सहापर्यंत नेतात. R² वाढतोच, कारण वाकडी रेषा जुन्या ठिपक्यांमागे धावते. पुढच्या महिन्यात मात्र ती शेवटच्या वळणाच्या दिशेने सुसाट निघते, कधी शून्याच्याही खाली. दुकानाच्या हिशेबाला ती वापरूच नका.

दिवाळीचा अंदाज वेगळा करावा लागतो, आणि एक्सेलला आपलं पंचांग कळत नाही. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. फराळाची खरेदी त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत होते. त्यामुळे २०२५ ची सगळी गर्दी ऑक्टोबरमध्ये आली, २०२३ ची बरीचशी नोव्हेंबरमध्ये. FORECAST.ETS हे फंक्शन हंगाम ओळखतं खरं, पण दर बारा महिन्यांनी तोच महिना येतो असं धरून. म्हणून या मालाची विक्री महिन्याने मोजू नका. लक्ष्मीपूजनाआधीचा पहिला आठवडा, दुसरा, तिसरा अशी मोजा आणि गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहा. दोन-तीन दिवाळ्यांची नोंद असेल तर एवढं पुरतं. एकाच दिवाळीची असेल, तर कुठल्याही सूत्रापेक्षा तुमचा आणि होलसेलवाल्याचा अनुभव जास्त भरवशाचा.

शेवटची चूक आकड्यांत दिसतच नाही. ते १३० किलो ही विक्री आहे, मागणी नव्हे. शेवटचं पोतं वसुबारसेलाच संपलं असेल, तर नंतर आलेली गिऱ्हाइकं कुठल्याच बिलात नाहीत, आणि रेषा ती कमीच मागणी खरी धरून पुढच्या वर्षीही कमी माल सांगेल. म्हणून विक्रीशेजारी आणखी एक रकाना ठेवा: माल कोणत्या तारखेला संपला. ज्या आठवड्यापुढे त्यात तारीख आहे, त्याचा आकडा रेषेत घेऊ नका.