चेक परत आला हे गिऱ्हाइकाला कळवताना या चुका टाळा

सोलापुरात टॉवेल-चादरीचा माल बहुतेक उधारीवरच जातो. बिलाबरोबर पुढच्या तारखेचा चेक येतो आणि त्यासोबत "अण्णा, कार्तिकी होऊ द्या, मग टाका" असा निरोप. आपण तो कपाटात ठेवतो, तारीख आली की बँकेत टाकतो, आणि एखादा परत येतो. खरी पंचाईत त्यानंतरची. दहा वर्षांची ओळख असलेल्या माणसाला हे कळवायचं कसं? मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो आणि ही पत्रं माझ्याच टेबलावरून जातात. त्यात मी स्वतः केलेल्या चुकाच इथे सांगतोय.

मेमो न वाचताच कारण ठरवणं

एका जुन्या गिऱ्हाइकाचा चेक परत आला तेव्हा मी उभ्या उभ्या मोबाइलवर लिहिलं, "शेठ, चेक बाउन्स झाला. खात्यात पैसे ठेवत जा." संध्याकाळी बँकेचा रिटर्न मेमो नीट बघितला, तर त्यावर सहीचं कारण होतं. त्यांच्या भागीदारीच्या खात्यावर दोन सह्या लागायच्या आणि चेकवर एकच होती. खात्यात पैसे भरपूर होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी पैसे पाठवले, पण पुढचे आठ महिने ऑर्डर दिली नाही. त्यांचं बरोबरच होतं. मी त्यांना पैसे नाहीत म्हणालो होतो आणि तसं काही नव्हतंच.

तेव्हापासून मेमोवर जे छापलंय तेच शब्द पत्रात उतरवतो, स्वतःचा अर्थ जोडत नाही. 'फंड्स इनसफिशियंट' म्हणजे शिल्लक कमी. 'ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स' म्हणजे सही जुळली नाही. 'पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉअर' म्हणजे त्यांनी स्वतः पैसे थांबवले, आणि इथे आधी फोन करून का ते विचारावं, कारण बऱ्याचदा मालाची तक्रार असते आणि ती आपल्यापर्यंत पोचलेलीच नसते. चेकची प्रतिमा नीट आली नाही असं कारण असेल तर गिऱ्हाइकाला पत्र कशाला? बँकेत विचारून चेक पुन्हा टाकायचा. खाडाखोड असेल तर मात्र नवा चेक मागावा. आताच्या क्लिअरिंगमध्ये नाव किंवा रकमेतली दुरुस्ती, खाली सही केली तरी, चालत नाही.

मेमो हातात आला की त्याच्या मागे पेन्सिलीने मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. ती का, ते पुढे येईल.

सगळी बाकी एकाच आकड्यात कोंबणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि करणाऱ्याला ती हुशारी वाटते. नोव्हेंबर 2025 मधला मामला सांगतो. पंढरपूरच्या एका दुकानदारांना दिवाळीआधी, 10 ऑक्टोबरच्या बिलाने, वारीसाठी टॉवेल गेले होते. 3 नोव्हेंबरचा 48,600 रुपयांचा चेक 6 तारखेला परत आला. कारण, शिल्लक कमी. आमच्या बँकेने 300 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे 354 कापले. शिवाय जुनी बाकी 12,350 होती, तीही वादातली. रंग उतरला म्हणून त्यांनी काही माल परत पाठवला होता आणि तो किती धरायचा हे ठरलंच नव्हतं.

मालक म्हणाले, "आता पत्र जातंयच, तर 61,304 मागून टाक." बेरीज बरोबर होती, मागणं चुकीचं होतं. गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. 48,600 चा चेक आपण दिला आणि तो वटला नाही, हे ते नाकारू शकत नाहीत. 61,304 म्हटलं की बोलणं सरळ रंगावर जातं, आणि रंगाचा निकाल लागेपर्यंत चेकचे पैसेही अडकतात.

कायद्याची बाजूही तीच आहे. चेक न वटल्याचं कलम, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट 1881 चं कलम 138, त्या चेकच्या रकमेची मागणी धरून चालतं. नोटिशीतला आकडा चेकपेक्षा वेगळा असेल तर ती नोटीस टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. बँकेचा खर्च मागता येतो, पण वेगळा दाखवून. आपलं पहिलं पत्र नोटीस म्हणून लिहिलेलं नसतं, तरी सवय तिथूनच लागते. वकील बहुधा आपलाच आकडा उचलतात. (आपण गिऱ्हाइकाला चेक न वटल्याचा दंड लावला तर त्यावर जीएसटी लावायचा का, असं आमचा नवा मुलगा विचारत होता. नाही. 3 ऑगस्ट 2022 च्या जीएसटी परिपत्रकात तसं दिलेलं आहे.)

याच्याच पोटातली आणखी एक चूक. चेक टाकायच्या आधी गिऱ्हाइकाने त्यापोटी 20,000 ऑनलाइन पाठवले असतील, तर तोच चेक पूर्ण रकमेला बँकेत टाकू नये. टाकायचाच असेल तर मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर व्हायला हवी, नाहीतर पुढे 138 चं प्रकरण उभं राहत नाही. असा निकाल 2022 पासून आहे. त्यापेक्षा उरलेल्या रकमेचा नवा चेक घेणं सोपं.

"लवकरात लवकर" आणि "अन्यथा कायदेशीर कारवाई"

या दोन ओळी जवळजवळ प्रत्येक पत्रात असतात आणि दोन्हींतून काही कळत नाही. लवकर म्हणजे कधी? कारवाई म्हणजे काय? काही जण तर "पोलिसात देऊ" लिहितात. 138 ची तक्रार पोलीस ठाण्यात होत नाही. ज्याच्या नावे चेक आहे त्याने लेखी तक्रार मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयात करायची असते. धंद्यात मुरलेल्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक असतं आणि ते मनात हसतात.

पुढे काय होणार हे लिहायचं तर आधी आपल्याला तारखा माहीत हव्यात. चेक न वटल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. ती मिळाल्यावर गिऱ्हाइकाला पैसे द्यायला 15 दिवस असतात. तेही गेले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. आमचा मेमो 6 नोव्हेंबरचा, म्हणजे नोटिशीची मुदत 6 डिसेंबरपर्यंत. पत्र 7 तारखेला काढलं आणि 17 पर्यंत वेळ दिला. ते गप्प राहिले असते तरी वकिलांच्या हातात 19 दिवस उरत होते. "आज देतो, उद्या देतो" ऐकत मी एकदा 34 वा दिवस गाठला होता. पेन्सिलीची तारीख त्यासाठी.

पत्रातली भाषा विनंतीचीच ठेवतो आणि नोटीस वेगळी येईल असं लिहितो. नोटीस वकिलानेच द्यावी असं बंधन नाही, त्यामुळे आपलं मागणीचं साधं पत्रही नोटीस धरलं जाऊ शकतं आणि तारखा तिथून मोजल्या जाऊ शकतात. रक्कम मोठी असेल तर पत्र पाठवण्याआधी वकिलांच्या नजरेखालून घाला.

पंढरपूरला गेलेलं पत्र असं होतं:

"सप्रेम नमस्कार.

10 ऑक्टोबर 2025 च्या बिलापोटी आपण दिलेला 3 नोव्हेंबर 2025 चा, रु. 48,600 चा चेक क्र. ...... दि. 6 नोव्हेंबर रोजी न वटता परत आला. बँकेने 'फंड्स इनसफिशियंट' असे कारण दिले आहे. मेमोचा फोटो सोबत आहे.

कृपया रु. 48,600 सोमवार, 17 नोव्हेंबरपर्यंत आमच्या बिलावर छापलेल्या खात्यात जमा करावेत. बँकेने आमच्या खात्यातून रु. 354 कापले आहेत, ते वेगळे पाठवावेत. मागील बाकीचा या पत्राशी संबंध नाही. त्याबद्दल स्वतंत्र बोलू.

आपल्याला विचारल्याशिवाय हा चेक पुन्हा बँकेत टाकणार नाही. रक्कम जमा होताच मूळ चेक परत पाठवू. 17 तारखेपर्यंत रक्कम किंवा आपला निरोप आला नाही, तर 18 तारखेला कागद वकिलांकडे द्यावे लागतील आणि त्यांची नोटीस स्पीड पोस्टाने येईल.

काही अडचण असल्यास दुपारी 2 ते 6 या वेळेत मला थेट फोन करावा."

'पुन्हा टाकणार नाही' हे वाक्य मी मुद्दाम घातलं. न विचारता दुसऱ्यांदा टाकला आणि तो परत आला तर त्यांची बँक त्यांना पुन्हा दंड लावते, आणि मग राग 48,600 वर नाही, त्या दंडावर निघतो. चेक लिहिलेल्या तारखेपासून तीन महिने चालतो, तेव्हा त्यांनी "अमुक दिवशी टाका" सांगितलं तर वाट आहेच.

कुठे पाठवता तेही बघा

पत्र मालकाच्या स्वतःच्या नंबरवर जावं, दुकानाच्या सामाईक नंबरवर नको. तो नंबर काउंटरवरच्या पोराकडे असतो. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर नाव टाकणं तर सोडूनच द्या. उलट अब्रूनुकसानीची नोटीस येऊ शकते. मी आधी फोन करतो, "शेठ, चेक परत आलाय, कागद पाठवतो, बघून घ्या" एवढंच बोलतो आणि मगच फोटो व पत्र पाठवतो. हाच कागद पोस्टानेही जातो.

पंढरपूरच्या शेठनी 14 तारखेला 48,600 पाठवले. वारीत जमलेली रोकड बँकेत भरायची राहून गेली होती म्हणे. 354 आले नाहीत, मीही मागितले नाहीत. चेक परत पाठवताना सोबत गड्ड्याच्या यात्रेसाठीच्या मालाचा दर लिहून दिला. 12,350 अजून खतावणीत आहेत. रंगाचं काय ते मालकांनाच ठरवू दे.