रिक्रूटरचा उद्धट मेसेज आला? उत्तर देताना या चुका टाळा

रात्री पावणेदहाला माझ्या मावसबहिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: "90 दिवस नोटीस? आधी सांगता येत नव्हतं? तुमच्यासारख्या टाइमपास कॅंडिडेट्समुळे आमचं काम वाढतं."

ती हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे. इंटरव्ह्यूची एक फेरी झालेली, दुसरी ठरलेली. तिने लगेच टाइप केलं, "आधी बोलायची पद्धत शिका." मी म्हटलं, पाठवू नकोस. हा स्क्रीनशॉट क्लायंटपर्यंत गेला तर त्याचा मेसेज कुणी बघणार नाही, तुझाच बघतील.

मग गाडी दुसऱ्या टोकाला गेली. "सॉरी सर, घरी जरा अडचण होती, मी बायआउटचं नक्की बघते." ही चूक पहिलीपेक्षा महागात पडते. नोटीसचे उरलेले दिवस पैसे भरून सोडवायचे की नाही, हे सध्याची कंपनी ठरवते. कंपनीने नाही म्हटलं, की आपला शब्द खोटा ठरतो.

"पण त्याच्या म्हणण्यात काही खरं आहे का?" मी विचारलं. तिने नोकरीच्या साइटवरची प्रोफाइल उघडली. नोटीस पिरियड: एक महिना. आधीच्या कंपनीतली माहिती तशीच राहिलेली! म्हणजे भाषा त्याची वाईट, पण चूक हिची. अशा मेसेजमध्ये दोन्ही गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात आणि आपण रागाच्या भरात दोन्हींना एकच उत्तर देतो. (बऱ्याच कन्सल्टन्सींना कॅंडिडेट रुजू झाल्यावरच पैसे मिळतात, म्हणून ते तारखेवरून चिडतात. पण म्हणून काहीही बोलायचं का?)

रात्री काही पाठवलं नाही. सकाळी दहाला हे गेलं:

"नमस्कार. प्रोफाइलवरची एक महिन्याची माहिती जुनी होती. ती चूक माझी, दुरुस्त केली आहे. नोटीस 90 दिवसांची आहे. ऑफर लेटर मिळाल्यावर 3 जूनला राजीनामा दिला, तर 1 सप्टेंबरला मोकळी होईन. बायआउट कंपनीच्या हातात आहे, त्यामुळे आत्ता शब्द देत नाही. 'टाइमपास' हा शब्द मला पटला नाही. यापुढे ईमेलवर बोलू. क्लायंटला ही तारीख चालत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर माझं नाव मागे घ्यावं."

'टाइमपास'बद्दल तिने आधी चार वाक्यं लिहिली होती. आम्ही तीन खोडली.

तासाभरात उत्तर आलं: "ओके. विचारतो." शुक्रवारपर्यंत ईमेल आला नाही, तिनेही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात तीन कॉल आले. तिने पहिल्याच वाक्यात 90 दिवस सांगून टाकले. दोघांनी तिथेच फोन ठेवला. तिसऱ्याने विचारलं, "सप्टेंबरची कुठली तारीख धरू?"