सुपरफॉस्फेटवर निबंध लिहिताय? आधी दोन समीकरणं वेगळी करा

औद्योगिक रसायनशास्त्राच्या निबंधात सिंगल सुपरफॉस्फेट (एसएसपी) हा विषय मिळाला की बहुतेक मुलं पहिल्याच पानावर हे लिहून मोकळी होतात:

Ca₃(PO₄)₂ + 2H₂SO₄ → Ca(H₂PO₄)₂ + 2CaSO₄

हिशेबाला समीकरण बरोबर आहे. पण यात फ्लोरिन कुठेच नाही, आणि हे सगळं एका दमात होतं असं वाटतं. मी एसएसपीच्या कारखान्यात लॅबमध्ये काम केलं आहे. तिथली जवळजवळ प्रत्येक भानगड या दोन गोष्टींमुळेच होते, म्हणून निबंधही तिथूनच सुरू करावा.

रॉक फॉस्फेटमधलं मुख्य खनिज म्हणजे फ्लोरॲपेटाइट, Ca₅(PO₄)₃F. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे दगड नुसता दळून शेतात टाकला तर बहुतेक जमिनींत पिकाच्या हाती फारसं काही लागत नाही. आम्लाने त्याचं विद्राव्य फॉस्फेट करायचं, याचं पेटंट इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी 1842 साली घेतलं. आपल्याकडे 1906 मध्ये तमिळनाडूतल्या राणीपेटला पहिला कारखाना निघाला. इतिहासाला निबंधात एवढ्या दोन ओळी पुरेत.

आता खरी प्रक्रिया. ती दोन टप्प्यांत होते:

Ca₅(PO₄)₃F + 5H₂SO₄ → 3H₃PO₄ + 5CaSO₄ + HF

Ca₅(PO₄)₃F + 7H₃PO₄ + 5H₂O → 5Ca(H₂PO₄)₂·H₂O + HF

पहिला टप्पा झपाट्याने, काही मिनिटांत उरकतो. दुसरा आठवडे घेतो. दोन्हींचा मेळ घातलात तर एक गंमत दिसेल. दगडाचे दहा रेणू धरा. त्यातल्या सातांवर गंधकाम्लाचे 35 रेणू खर्च होतात आणि फॉस्फोरिक आम्लाचे 21 रेणू तयार होतात. उरलेल्या तिघांना हेच 21 रेणू पुरतात. म्हणजे गंधकाम्ल मुद्दामच दगडाच्या सात भागांपुरतं घालतात, उरलेले तीन भाग त्यातूनच निघालेलं फॉस्फोरिक आम्ल फोडतं. सगळ्या दहा भागांना पुरेल इतकं गंधकाम्ल घातलं, तर हाती येईल फॉस्फोरिक आम्ल आणि जिप्सम. तो वेगळा कारखाना झाला.

या सात-तीनच्या विभागणीवर पुढचं सगळं बेतलेलं असतं. दगड बॉल मिल किंवा रोलर मिलमध्ये बारीक दळतात, साधारण 90 टक्के भुकटी 100 मेशच्या चाळणीतून खाली पडेल इतका. कारण पहिल्या टप्प्यात तयार होणारं कॅल्शियम सल्फेट कणावरच जमतं. कण जाड असेल तर आतला दगड त्या कवचाखाली कोराच राहतो. आम्लाच्या तीव्रतेचंही तेच. 98 टक्के आम्ल येतं, ते पाणी घालून 65 ते 70 टक्क्यांवर आणतात. फार तीव्र ठेवलं तर कवच घट्ट बसतं आणि आतला दगड तसाच राहतो. फार पातळ केलं तर माल ओला, चिकट होतो आणि कापता येत नाही.

मिक्सरमध्ये भुकटी आणि आम्ल एकत्र आलं की काही क्षणांत करडी लापशी होते आणि ती डेनमध्ये पडते. डेन म्हणजे संथ सरकणाऱ्या पट्ट्याची बंदिस्त खोली. अर्ध्या-एक तासाच्या त्या प्रवासात लापशी 100 अंशांच्या वर तापते, आतून वाफ आणि वायू सुटतात, ती फुगते आणि घट्ट होते. टोकाला फिरती पाती तिला खरवडतात. हातात घेतलेला तुकडा शिळ्या ढोकळ्यासारखा सच्छिद्र आणि भुरभुरीत लागला, तर मिश्रण जमलं असं समजायचं.

आम्ल किती घालायचं, हा निबंधातला सर्वात गुण देणारा भाग, आणि तोच मुलं वगळतात. दगडात 32 टक्के P₂O₅ आणि 48 टक्के CaO आहे असं धरू. शुद्ध फ्लोरॲपेटाइटमध्ये P₂O₅ 42.2 टक्के असतं. म्हणजे एक टन दगडात सुमारे 758 किलो ॲपेटाइट, आणि त्याला लागणारं आम्ल सुमारे 516 किलो (100 टक्के तीव्रतेच्या हिशेबाने). पण 758 किलो ॲपेटाइटमध्ये CaO साधारण 421 किलोच बसतं. उरलेलं 59 किलो बहुतांशी कॅल्साइटचं, म्हणजे जवळपास 105 किलो CaCO₃. ते आणखी 103 किलो आम्ल खातं. एकूण 619 किलो. नुसतं P₂O₅ बघून आम्ल घातलं असतं तर सहावा हिस्सा कमी पडला असता. म्हणून दगडाची नवी खेप आली की लॅब आधी CaO बघते. कार्बोनेट थोडं असलं तर त्याचा CO₂ माल फुगवायला कामीच येतो, फार असलं तर आम्लाचं बिल वाढवतो.

70 टक्के आम्लासोबत 265 किलो पाणी येतं. बेरीज 1884 किलो. त्यातून CO₂, वाफ आणि फ्लोरिनचे वायू वजा जाता साधारण 1750 किलो माल उरतो असं धरा. त्यात 320 किलो P₂O₅, म्हणजे 18 टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडच्या खत नियंत्रण आदेशानुसार पिकाला उपलब्ध P₂O₅ किमान 16 टक्के लागतं, आणि त्यातलं पाण्यात विरघळणारं किमान 14.5 टक्के. मधली फट न फुटलेल्या दगडासाठी आहे.

डेनमधून निघालेला माल लगेच पोत्यात भरत नाहीत. गोदामात ढीग लावून दोन-तीन आठवडे ठेवतात, अधूनमधून उलथतात. दुसरा टप्पा इथे पुरा होतो. तो कुठवर आला हे बघायला ढिगातला नमुना ॲसिटोनमध्ये हलवून गाळायचा आणि गाळलेलं द्रावण अल्कलीने टायट्रेट करायचं. ॲसिटोन अशासाठी की त्यात मोकळं फॉस्फोरिक आम्ल उतरतं, पण मोनोकॅल्शियम फॉस्फेट जागचं हलत नाही. पाणी वापरलं तर दोन्ही उतरतात आणि आकडा फसवा येतो. आठवड्यागणिक हे मोकळं आम्ल कमी होत गेलं आणि विद्राव्य फॉस्फेट चढत गेलं तर गाडी रुळावर आहे. मोकळ्या आम्लाची मर्यादा P₂O₅ म्हणून 4 टक्के आहे. त्याच्या वर माल भरला की पोत्यात गठ्ठे होतात, शिवणीचा दोरा कुजतो, आणि तक्रार मग दुकानदाराकडून येते. आम्ल कमी झालं पण विद्राव्य फॉस्फेट चढलं नाही, तर दगडातल्या लोह-ॲल्युमिनियमवर संशय घ्यायचा. ते फॉस्फेटला पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात बांधून टाकतात. अशा दगडाचा माल जितका जास्त दिवस पडून राहील तितका घसरतो.

राहिला फ्लोरिन. HF दगडातल्या सिलिकाशी भिडून SiF₄ वायू होतो. डेनच्या वरून तो पंख्याने ओढून पाण्याच्या स्क्रबरमध्ये नेतात:

3SiF₄ + 2H₂O → 2H₂SiF₆ + SiO₂

हायड्रोफ्लुओसिलिसिक आम्ल विकता येतं किंवा त्यापासून सोडियम सिलिकोफ्लोराइड करतात. पण समीकरणातली ती SiO₂ कागदावर दिसते तितकी निरुपद्रवी नसते. ती जेलीसारखी नळ्यांत आणि फवाऱ्यांच्या तोंडाशी बसते. फवारा अडला की ओढ कमी होते, आणि डेनजवळ उभ्या माणसाच्या नाकाला ते मीटरच्या आधी कळतं. म्हणून निबंधातल्या फ्लोशीटमध्ये स्क्रबर नुसता चौकोन काढून सोडू नका. त्यातून सिलिका कुठे जाते, तो बाणही दाखवा.