फोटोवरून टॅटू फ्लॅश काढताय? या चुका टाळा

तपकिरी कुत्र्याच्या चेहऱ्याचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि मनगटावर 5 सेंटिमीटर उंचीची जागा, एवढं घेऊन एकजण माझ्याकडे आला होता. मी फोटो स्क्रीनवर मोठा केला, डोळ्याच्या पापण्यांपासून मिशांपर्यंत सगळं काढलं आणि चित्र फार सुरेख दिसलं. मग ते खऱ्या मापात छापलं. डोळ्यांच्या जागी दोन काळे थेंब होते आणि नाकपुड्या नाकात बुडाल्या होत्या. कागदावरच ही गत, तर त्वचेवर काय उरलं असतं? ते डिझाइन मी बाजूला ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून काढलं. त्या कामात ज्या चुका सापडल्या, त्याच मला नव्याने फ्लॅश काढणाऱ्यांच्या कामात पुन्हापुन्हा दिसतात.

फ्लॅश म्हणजे काय हे आधी डोक्यात पक्कं हवं. 11 बाय 14 इंचांच्या कागदावर काढून दुकानाच्या भिंतीवर लावलेली ती तयार डिझाइनं. मूळ फोटो कधीच न पाहिलेल्या कलाकारालाही ते चित्र बघून टॅटू करता आला पाहिजे. फोटो जवळ ठेवल्याशिवाय एखादी रेघ उमगत नसेल, तर ते अजून फ्लॅश झालेलं नाही.

चूक पहिली: माप शेवटी ठरवणं

बाकीच्या बहुतेक चुका हिच्यातून निघतात. स्क्रीनवर बोटं फाकवली की चित्र हवं तेवढं मोठं होतं, त्वचा होत नाही. शाई त्वचेच्या वरच्या थराखाली, डर्मिसमध्ये बसते. तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. पेशी मेली की सुटलेले कण आसपासची दुसरी पेशी उचलते. टॅटू टिकतो तो यामुळे. पण वर्षं जातात तशी रेघेची कड मऊ होते आणि रेघ रुंदावते. किती, ते कलाकाराचा हात, शाईची खोली, अंगावरची जागा आणि ऊन यांवर अवलंबून असतं. डिझाइन करताना मी सरळ धरून चालते की रेघ कधीतरी दुप्पट रुंद होईल.

आता तो कुत्र्याचा डोळा घ्या. चेहरा 5 सेंटिमीटर उंच असेल, तर त्या फोटोच्या प्रमाणात डोळा जेमतेम 4 मिलिमीटर उंच येतो. वर 1 मिलिमीटरची रेघ, खाली 1 मिलिमीटरची रेघ, मध्ये उरले 2. दोन्ही रेघा दुप्पट झाल्या की प्रत्येक रेघ आतल्या बाजूला अर्धा मिलिमीटर सरकते आणि 1 मिलिमीटर उरतो. त्यात बुबुळ आणि चमक दोन्ही मावत नाहीत. तोच चेहरा 9 सेंटिमीटर केला की डोळा 7 मिलिमीटरचा होतो. आत 5 मिलिमीटर मोकळे, रेघा पसरल्यावरही 4. चमकेचा ठिपका 2 मिलिमीटरचा ठेवला, तर पुढे तो 1 मिलिमीटरचा होईल, पण दिसेल.

म्हणून पद्धत उलटी ठेवा. चित्रातला सगळ्यात लहान पण ज्याच्याशिवाय चालणारच नाही असा भाग शोधा. चेहऱ्यात तो बहुधा डोळाच असतो. तो उघडा राहण्यासाठी किती माप लागेल ते काढा आणि त्यावरून सगळ्या डिझाइनचं माप ठरवा. दोन रेघांमधलं अंतर रेघेच्या जाडीच्या निदान दुप्पट ठेवा. मनगटावर 9 सेंटिमीटर बसत नव्हते, म्हणून आम्ही हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखालच्या भागात गेलो. जागा बदलायची नसेल, तर चेहरा सोडून फक्त बाह्याकृती घ्यावी लागते. माप तेच, जागा तीच आणि तपशीलही सगळे, असं जमत नाही.

कॅनव्हास उघडतानाच खरं माप टाका. 300 DPI वर 9 सेंटिमीटर म्हणजे 9 ÷ 2.54 × 300, साधारण 1063 पिक्सेल. मग 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 12 पिक्सेल. बाहेरच्या रेघेचा ब्रश 18 आणि आतल्या रेघेचा 12 असा ठरवून टाकला की झूम कितीही केला तरी हात फसत नाही. दोनच जाड्या पुरतात.

चूक दुसरी: दिसेल ती कड गिरवणं

फोटो खालच्या लेअरवर ठेवून वर गिरवायला घेतलं की डोळा कडांमागे धावतो. पण फोटोतल्या कडा तीन प्रकारच्या असतात. एक वस्तूची खरी कड, म्हणजे कान संपतो आणि हवा सुरू होते ती. दुसरी एक भाग दुसऱ्यावर येतो ती, म्हणजे कान गालावर पडलाय तिथे. तिसरी नुसत्या प्रकाशाची, म्हणजे सावली जिथे संपते ती. रेघ पहिल्या दोघींना द्या. तिसरीला रेघ दिली की गालावर व्रण असल्यासारखं दिसतं. कडा आपोआप शोधणारे फिल्टर हा फरक ओळखत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विसंबून काढलेला चेहरा म्हातारा आणि चुरगळलेला वाटतो.

केस हा वेगळाच सापळा. एकेक केस काढला की त्या बारीक रेघा पुढे एकमेकींत मिसळतात आणि करड्या डागाशिवाय काही उरत नाही. मी बाहेरच्या रेघेलाच ठरावीक ठिकाणी करवतीसारखे दाते दिले: गालावर तीन, छातीवर पाच, कानाच्या टोकाला दोन. बाकीची रेघ सपाट. दात्यांची दिशा बरोबर असली की उरलेला लोकरीपणा बघणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होतो. मिशा मी अजिबात काढत नाही.

फोटोच चुकीचा असला तर मात्र गिरवण्यात कितीही काळजी घेऊन उपयोग नाही. जवळून काढलेल्या मोबाइल फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. ठळक रेघेत हा दोष आणखी उठून दिसतो. दोन पावलं मागे जाऊन, थोडं झूम करून, खिडकीचा उजेड एका बाजूने येईल असा फोटो मागा. कॅमेऱ्याचा फ्लॅश मारलेल्या फोटोत सावलीच नसते, मग शेडिंग कुठे करायचं हे अंदाजाने ठरवावं लागतं. जुना एकच फोटो असेल, तर आकारासाठी तो वापरा आणि प्रकाशाची दिशा स्वतः ठरवा.

चूक तिसरी: फोटोतले सगळे करडे रंग उचलणं

फोटोत शेकडो छटा असतात. फ्लॅशला तीन पुरतात: गडद काळा, एक मधला करडा आणि कोरी त्वचा. फोटो कृष्णधवल करून त्यावर `Posterize` 3 वर लावून बघा, मोठे आकार लगेच कळतात. ते जसेच्या तसे घ्यायचे नाहीत, कारण त्यांच्या कडा तुटक असतात. त्यांच्याकडे बघून स्वच्छ आकार पुन्हा काढायचे.

काळा भरताना हात आखडतो, आणि तिथेच डिझाइन पडतं. रंग घटला की करडा सगळ्यात आधी फिका होतो आणि काळाच चित्र धरून ठेवतो. त्या कुत्र्याचं नाक, कानांची आतली बाजू आणि हनुवटीखालची सावली मी पूर्ण काळी केली. एकूण आकाराचा साधारण तिसरा भाग काळा झाला. करडा नेहमी काळ्याला किंवा रेघेला टेकून सुरू करा आणि उघड्या त्वचेकडे विरत न्या. सुई झटकत रंग विरवणाऱ्या व्हिप शेडिंगने किंवा ठिपक्यांनी, कसंही. मधोमध एकटा तरंगणारा करडा डाग पुढे मळ लागल्यासारखा दिसतो.

सावळ्या किंवा गडद त्वचेवर हे जास्त काटेकोरपणे पाळावं लागतं. शाई मेलॅनिनच्या थराखालून दिसते, त्यामुळे फिका करडा त्वचेतच हरवतो. तिथे मी करडा गडद करते आणि कोरी जागा वाढवते. चमक दाखवण्यासाठी पांढऱ्या शाईवर भिस्त ठेवू नका. बरी झाल्यावर ती पिवळट किंवा त्वचेसारखीच दिसू लागते. चमक म्हणजे न भरलेली त्वचा, आणि ती जागा रेघ काढतानाच राखायची.

चूक चौथी: स्टेन्सिलचा विचार न करणं

स्टेन्सिल म्हणजे टॅटू करण्याआधी त्वचेवर उमटवायचा डिझाइनचा जांभळा ठसा. तो छापणाऱ्या थर्मल प्रिंटरला काळं आणि कोरं एवढंच कळतं. मऊ करड्या छटा त्यावर एक तर गायब होतात किंवा जांभळा चिखल होतो. म्हणून फ्लॅशच्या दोन फाइली ठेवा. एक शेडिंगसह, दाखवायला. दुसरी फक्त रेघांची, ज्यात शेडिंगची हद्द तुटक ठिपक्यांनी दाखवलेली असते.

हात सरळ, सैल सोडलेला असताना स्टेन्सिल लावा. वाकवून लावलेला चेहरा हात खाली सोडताच तिरका होतो. महत्त्वाचा भाग वळणावर जाऊ देऊ नका. कुत्र्याचे दोन्ही डोळे हाताच्या सपाट भागात राहिले पाहिजेत, कान थोडे वळले तरी चालतात. बोटांच्या कडा आणि तळहात अशा जागी रंग लवकर झिजतो. तिथे चेहऱ्याचा फ्लॅश देऊच नये असं माझं ठाम मत आहे.

शाई लागण्याआधी काय तपासायचं

डिझाइन छापताना `Fit to page` बंद करा आणि स्केल 100% ठेवा. मग पट्टी लावून मोजा. ही एवढीशी गोष्ट निसटली की आधीचं सगळं गणित फुकट जातं. कागद भिंतीला लावून दोन मीटर मागे जा. कुत्रा आहे हे लगेच कळलं नाही, तर बहुधा काळा कमी आहे. डोळे मिटल्यासारखे दिसले, तर रेघा जाड आहेत किंवा माप लहान आहे. नजर चेहऱ्याऐवजी गालावर अडली, तर तिथे सावलीला रेघ दिली गेली आहे.

दुसरी तपासणी फाइलच्या प्रतीवर करा. `Gaussian Blur` 6 पिक्सेलच्या आसपास लावा, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. जुन्या टॅटूची ती तंतोतंत नक्कल नव्हे, पण कुठल्या फटी आधी बुजतील हे ती खरं सांगते. माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये डोळे आणि नाकपुड्या गेल्याच, शिवाय दोन ओठांमधली फटही बुजली. दुसऱ्यात मी तोंडाची खालची रेघ काढूनच टाकली आणि ओठ एकाच जाड रेघेने दाखवला.

मालकाचा एकच आग्रह होता: हनुवटीवरचे पांढरे केस दिसायला हवेत, कारण कुत्रा म्हातारा झाल्यावर ते आले होते. पांढरी शाई वापरायची नव्हती आणि एकेक केस काढायचा नव्हता. हनुवटीखालच्या काळ्या सावलीत मी तीन टोकदार कोऱ्या पाचरी सोडल्या, प्रत्येक मुळाशी 3 मिलिमीटर रुंद. कागद हातात घेऊन त्याने सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवलं.