फेरोसिमेंटची छोटी टाकी: मापावरून सिमेंट, रेती आणि जाळीचा हिशोब

इंदूरला नर्मदेचं पाणी बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतं, त्यामुळे घरात दोन-तीन दिवसांची साठवण लागतेच. फेरोसिमेंटची, म्हणजे जाळीच्या सांगाड्यावर सिमेंटचा पातळ थर देऊन केलेली टाकी आम्ही अंगणात बांधली. पहिल्या वेळी माल मागवताना चूक झाली, कारण मिस्त्रीनं लिटरवरून अंदाज सांगितला: "अडीच हजार लिटर? आठ बोरी मँगवा लो साहब, दो बोरी जाली के अंदर ही चली जाती हैं." या टाकीत सिमेंट लिटरवर ठरत नाही. ते ठरतं पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर आणि जाडीवर.

माप आधी पक्कं करा. आपण आतला व्यास १.५ मीटर आणि भिंतीची उंची १.५ मीटर धरू. वरची १० सेंमी मोकळी ठेवली तर पाणी १.४ मीटर उभं राहतं आणि साठवण होते साधारण २,४७० लिटर. भिंत ३ सेंमी, तळ ५ सेंमी, झाकणाचा स्लॅब ३ सेंमी.

पुढचा हिशोब एकाच सोप्या गोष्टीवर चालतो: एक चौरस मीटरवर एक सेंमी जाडीचा थर दिला की १० लिटर मसाला लागतो.

भिंतीसाठी व्यास आतला किंवा बाहेरचा न घेता मधला घ्या, म्हणजे १.५३ मीटर. घेर ४.८१ मीटर, गुणिले उंची १.५, म्हणजे ७.२ चौरस मीटर. जाडी ३ सेंमी, म्हणून २१६ लिटर. तळ भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी ७ सेंमी काढायचा, म्हणजे व्यास १.७ मीटर, क्षेत्रफळ २.२७ चौरस मीटर, गुणिले ५ सेंमी, ११४ लिटर. वरचा स्लॅब १.६ मीटर व्यासाचा, ६० लिटर. त्यात माणूस उतरेल एवढं तोंड असतं, पण तेवढा मसाला त्याच्या झाकणात जातो, म्हणून वजा करू नका. तळ आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात आतून गोलाई द्यायची असते, तिचे ६ लिटर. एकूण ३९६ लिटर. सांडलवंड आणि खाली पडणारा माल १० टक्के धरला की ४३५ लिटर.

मसाला एकास दोन, म्हणजे एक माप सिमेंट आणि दोन मापं रेती. ५० किलोचं पोतं सुमारे ३५ लिटर भरतं. त्यात ७० लिटर कोरडी रेती घातली की रेतीच्या पोकळ्यांत सिमेंट बसतं आणि तयार मसाला १०५ न होता साधारण ७५ लिटर निघतो. ४३५ भागिले ७५, म्हणजे सहा पोती. गोलाईवर आणि पाइपाच्या तोंडाशी सिमेंटची नीरू फिरवायला आणखी एक आणा. सात पोत्यांत काम झालं पाहिजे.

रेती सहा गुणिले ७०, म्हणजे ४२० लिटर, घनफुटांत १५. पण मागवा २० घनफूट. नर्मदेची रेती चाळून घ्यावी लागते, जाड खडे जाळीत अडकतात आणि मागे पोकळी राहते. दुसरं, ओली रेती फुगते. काचेच्या सरळ ग्लासात ओली रेती न दाबता १० सेंमी भरा, ती रिकामी करून ग्लास अर्धा पाण्यानं भरा आणि तीच रेती परत ओतून ढवळा. पाण्याखाली ती ८ सेंमीवर बसली तर २५ टक्के फुगवटा आहे. मग दर पोत्याला ७० ऐवजी ८७ लिटर मोजायची, नाहीतर मसाला एकास दीड होऊन नंतर बारीक तडे जातात. मापाला तगारी नको, प्रत्येक तगारी वेगळी भरते. लिटरची खूण केलेली बादली घ्या. पाणी एका पोत्याला २० ते २२ लिटर, रेतीतला ओलावा धरून.

आता जाळी. ओढ सोसते ती आडवी तार. भरलेल्या टाकीत तळाजवळच्या १० सेंमी उंचीच्या पट्टीला घेराच्या दिशेनं जवळजवळ १०० किलो ओढ बसते. त्यासाठी अडीच मिमी तारेची, ५० मिमी चौकोनाची वेल्डमेश आणि तिच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंची मुर्गाजाळीचा एकेक थर पुरतो. इंदूरच्या सियागंज बाजारात ५ फुटी पन्ह्याची वेल्डमेश मिळाली तर भिंतीची उंची एका तुकड्यात बसते. घेर ४.८१ अधिक टोकं एकावर एक घ्यायला ३० सेंमी चढण, म्हणजे ५.१ मीटर. तळ आणि स्लॅबला ४.१ मीटर. मिळून १० मीटर घ्या. मुर्गाजाळी ३ फुटी पन्ह्याची असेल तर भिंतीला एका थरात दोन पट्टे आडवे लागतात. दोन थरांचे २०.४ मीटर, तळाचे ६.८ आणि स्लॅबचे ६.४, म्हणून ३५ मीटर. तुकडे पूर्ण चौकोनांतून कापायचे धरलेत, कारण गोल कापल्यावर कोपरे वायाच जातात. उभ्या सळ्या ६ मिमीच्या, दर ३० सेंमीला एक, तळात आणि स्लॅबमध्ये वळवून प्रत्येकी दोन मीटर. १६ सळ्या, सात किलो.

थर वाढवले की टाकी मजबूत होईल असं वाटतं, पण दाट जाळीतून मसाला आत जात नाही. बाहेरून गोणपाट ताणून बांधा आणि आतून मसाला जाळीत दाबा. दुसऱ्या दिवशी गोणपाट सोडून, पृष्ठभाग खरवडून भिजवून बाहेरचा थर द्या.

आमची चूक इथेच झाली. दुपारपर्यंत अर्धी भिंत झाली आणि तिलाच अडीच पोती गेली होती. भिंतीला एकूण सव्वातीन लागायला हवीत, म्हणजे अर्ध्या उंचीला दीडच्या आसपास. खिळ्यावर ३ सेंमीची खूण करून ओल्या मसाल्यात खुपसला, तर सगळीकडे ५ सेंमी भरत होतं. अशा जाडीनं पूर्ण भिंतीला दोन पोती जास्त जातात, आणि जाळीपासून दूरचा मसाला तड्यांपासून वाचत नाही. तेव्हापासून पोती मी मोजतो. मिस्त्री हसतो.

माळव्याची काळी माती पावसात फुगते, म्हणून तळाखाली ती काढून मुरूम कुटून भरा आणि वर १० सेंमी साधं काँक्रीट घाला. त्याचा माल वरच्या हिशोबात नाही.

चौदा दिवस ओलं बारदान गुंडाळून ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढूच नका. मग भिंतीवर हातोडीची दांडी वाजवत जा. भद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे. तो भाग फोडून पुन्हा भरावा लागतो. पाणी एका दिवशी एक तृतीयांशच भरा. ओलसर ठिपके काही दिवसांत आपोआप मिटले तर ठीक, धार लागली तर टाकी रिकामी करून आतून दुरुस्ती करावी लागेल.

हीच मापं गच्चीवर नेऊ नका: भरलेली टाकी साडेतीन टनांच्या घरात जाते, आणि साध्या स्लॅबला ते पेलेलच असं नाही. व्यास दुप्पट केलात तर आडवी ओढही दुप्पट होते. तेव्हा जाळीचा हिशोब इंजिनिअरकडून करून घ्या.