बेळगाव सीमाभागातून स्पेनचा फ्रीलान्सर व्हिसा: ग्राहक, उत्पन्न आणि व्यवसायाचा नोंदणीकृत पत्ता कसा सिद्ध करावा

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या भागांत घरी बसून परदेशी कंपन्यांसाठी डिझाइन, प्रोग्रॅमिंग किंवा भाषांतर करणारी मुले-मुली आता पुष्कळ आहेत. त्यांतील अनेकांना काही काळ युरोपात राहून तेच काम करायचे असते. स्पेनने २०२२ च्या २८ क्रमांकाच्या कायद्याने, म्हणजे स्टार्टअप कायद्याने, यासाठी दूरस्थ कामाचा स्वतंत्र व्हिसा सुरू केला असून लोक त्याला ‘डिजिटल नोमॅड व्हिसा’ म्हणतात. नोकरदाराला त्यासाठी कंपनीचे पत्र मिळते, पण स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला आपले ग्राहक खरे आहेत, पैसा त्यांच्याकडूनच येतो आणि तो एका नोंदलेल्या व्यवसायात जमा होतो, हे कागदांवरून दाखवावे लागते. कर व नोंदणीची कागदपत्रे तयार करण्याचे काम मी करतो. माझा अनुभव असा की अर्ज अडतो तो बहुतेक वेळा कागद कमी असल्यामुळे नव्हे, तर दोन कागदांतले आकडे एकमेकांशी जुळत नसल्यामुळे.

या लेखात निपाणीच्या एका डिझायनर तरुणीचे उदाहरण घेऊ. ओळख राहू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ती मोबाईल ॲपच्या स्क्रीनची रचना करते. तिचे तीन ग्राहक आहेत: नेदरलँड्समधील कंपनी महिन्याला १,९०० युरो देते, आयर्लंडमधील ९०० आणि स्पेनच्या व्हॅलेन्सिया शहरातील एक छोटी कंपनी ५००. एकूण ३,३०० युरो.

सर्वप्रथम दोन आकड्यांची परीक्षा करावी. पहिला आकडा किमान उत्पन्नाचा. स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट मासिक उत्पन्न दाखवावे लागते. २०२५ चे किमान वेतन वर्षाला १६,५७६ युरो होते. ते बारा महिन्यांत विभागून दुप्पट केल्यास महिन्याला सुमारे २,७६३ युरो होतात. हे वेतन सरकार वेळोवेळी वाढवते, त्यामुळे अर्जाच्या दिवशीचा आकडा पाहूनच हिशेब मांडावा. कुटुंब सोबत न्यायचे असल्यास पहिल्या व्यक्तीसाठी किमान वेतनाच्या ७५ टक्के आणि पुढच्या प्रत्येकासाठी २५ टक्के जादा उत्पन्न लागते. दुसरा आकडा स्पॅनिश ग्राहकांच्या वाट्याचा. स्वयंरोजगार करणाऱ्याला स्पेनमधील कंपनीचे काम घेता येते, पण ते त्याच्या एकूण कामाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये.

आमच्या डिझायनरचा स्पॅनिश वाटा ३,३०० पैकी ५००, म्हणजे सुमारे १५ टक्के आहे आणि एकूण उत्पन्नही किमान मर्यादेच्या वर आहे. मात्र आयर्लंडचे काम थांबले, तर एकूण २,४०० युरो उरतात. मग उत्पन्न किमान मर्यादेखाली जाते आणि व्हॅलेन्सियाचा तोच ५०० युरोंचा वाटा जवळजवळ २१ टक्के होतो, म्हणजे एक ग्राहक गेल्यावर दोन्ही अटी एकाच वेळी मोडतात. म्हणून अर्ज करण्याआधी प्रत्येक ग्राहक वगळून हा हिशेब एकदा करून पाहावा आणि ज्याच्या जाण्याने अट मोडते, त्याच्याशी लेखी करार वाढवून घ्यावा.

ग्राहक सिद्ध करण्यासाठी करार, ग्राहकाचे पत्र आणि त्याच्या कंपनीचा अधिकृत नोंदणी उतारा हे तीन कागद लागतात. अर्जापूर्वी किमान तीन महिने तुमचा त्या ग्राहकाशी व्यावसायिक संबंध असला पाहिजे आणि ती कंपनी किमान एक वर्ष प्रत्यक्ष कार्यरत असली पाहिजे. दुसरी अट नोंदणी उताऱ्यावरूनच सिद्ध होते. डच कंपनीचा उतारा तिथल्या व्यापार नोंदवहीतून, म्हणजे केव्हीकेकडून, ऑनलाइन मिळतो आणि आयरिश कंपनीचा तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाकडून. ग्राहकाच्या पत्रात कामाचे स्वरूप, दर, कामाची सुरुवातीची तारीख आणि हे काम स्पेनमधून दूरस्थपणे करण्यास त्याची हरकत नाही, हे वाक्य स्पष्ट असावे. ‘आम्ही या व्यक्तीबरोबर आनंदाने काम करतो’ अशा शिफारशीच्या पत्राचा येथे उपयोग होत नाही.

फ्रीलान्सिंगच्या ॲपवरून काम मिळवणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. बँकेत पैसा पाठवणारा म्हणून त्या ॲपच्या कंपनीचे नाव दिसते आणि करारात मात्र ग्राहकाचे. हा सांधा जोडण्यासाठी ॲपवरील प्रत्येक व्यवहाराचे विवरण काढून त्यातील ग्राहकाचे नाव, बिल क्रमांक आणि कापलेले कमिशन दिसेल अशी मांडणी करावी लागते. शक्य असल्यास अर्जाच्या वर्षभर आधीच महत्त्वाच्या ग्राहकाशी थेट करार करून थेट बँकेत पैसे घ्यावेत, मात्र त्या ॲपच्या अटी आधी वाचाव्यात.

आता उत्पन्नाकडे वळू. या भागात मला सर्वाधिक वेळ द्यावा लागतो, कारण आपल्याकडचा कर भरण्याचा सोपा मार्गच येथे अडचण निर्माण करतो. मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४ एडीए खाली ठरावीक व्यावसायिकांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवून आयटीआर-४ भरता येतो. हिशोबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत, म्हणून पुष्कळ लोक हाच मार्ग घेतात. आमच्या डिझायनरची वर्षाची जमा ३९,६०० युरो, म्हणजे एक युरो ९० रुपये धरल्यास ३५,६४,००० रुपये आहे. विवरणपत्रात नफा दिसतो १७,८२,००० रुपये. त्याला बाराने भागून पुन्हा युरो केले, तर महिन्याला १,६५० युरो उरतात. बँकेचा उतारा ३,३०० सांगतो आणि विवरणपत्र १,६५०. समोर बसलेल्या अधिकाऱ्याला भारतीय कलमाची माहिती असेलच असे नाही, आणि त्याने विवरणपत्रातला आकडा धरला तर अर्ज किमान उत्पन्नाच्या अटीवरच पडतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, आणि माझ्या मते योग्य, उपाय म्हणजे अर्जाच्या आदल्या वर्षापासून खरा नफा दाखवणे. निम्मी रक्कम ही किमान आहे. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त दाखवण्याची तरतूद त्याच कलमात आहे. घरून डिझाइन करणाऱ्याचा खर्च जमेच्या निम्मा क्वचितच असतो. कर जास्त भरावा लागतो हे खरे, पण अर्जाचा मुख्य आकडा त्यामुळे विवरणपत्रातच दिसतो. तिचा नफा ८५ टक्के दाखवला, तर महिन्याला २,८०५ युरो होतात आणि २०२५ ची मर्यादा जेमतेम ओलांडली जाते. दुसरा उपाय वेळ हातात नसलेल्यांसाठी आहे. आयटीआर-४ मध्ये एकूण जमेचाही रकाना असतो. चार्टर्ड अकाउंटंटकडून एक पानाचे प्रमाणपत्र घ्यावे, ज्यात महिना, ग्राहक, बिलाची रक्कम, बँकेत जमा झालेली रक्कम आणि वर्षअखेरची एकूण जमा एका तक्त्यात असेल, आणि खाली हे कलम काय सांगते ते दोन वाक्यांत लिहिलेले असेल.

परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेसाठी बँकेकडून आवक रकमेची सूचना, म्हणजे एफआयआरए, मागून घ्यावी आणि तिच्यावरील उद्देश-संकेत नीट वाचावा. या डिझायनरच्या कागदांत मला सुरुवातीच्या चार रकमांवर P1301 हा संकेत दिसला. तो परदेशस्थ भारतीयाने कुटुंबाच्या निर्वाहासाठी पाठवलेल्या पैशांचा असतो. पहिल्या वेळी बँकेने विचारले तेव्हा तिच्या वडिलांनी ‘घरखर्चासाठी’ असे सांगितले होते. कागदावर ती रक्कम ग्राहकाने दिलेले मानधन राहिलीच नव्हती. करार आणि बिले जोडून बँकेला दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागला. सॉफ्टवेअर सल्लागारीसाठी P0802 हा संकेत असतो. आपल्या कामाचा योग्य संकेत बँकेला पहिल्याच वेळी लेखी कळवलेला बरा.

व्यवसायाचा नोंदणीकृत पत्ता दाखवण्यासाठी जीएसटी नोंदणी आणि लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी हे दोन कागद बहुधा पुरतात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. आमच्या उदाहरणात ती हवीच. परदेशी सेवेवर कर न भरता बिल करण्यासाठी दरवर्षी जीएसटी आरएफडी-११ हा हमीपत्राचा फॉर्म भरावा लागतो. उद्यम नोंदणी `udyamregistration.gov.in` वर आधारच्या साहाय्याने विनामूल्य होते. या दोन्हींची प्रमाणपत्रे इंग्रजीत मिळतात. सीमाभागातील अर्जदाराला याचा मोठा आधार आहे. घर वडिलांच्या नावावर असेल, तर जीएसटीसाठी त्यांचे संमतीपत्र आणि हेस्कॉमचे वीजबिल लागते. व्हिसाच्या अर्जात मात्र कन्नडमधील कागद गरज नसताना जोडू नयेत, कारण ते आधी इंग्रजीत आणि मग अधिकृत भाषांतरकाराकडून स्पॅनिशमध्ये करून घ्यावे लागतात आणि दोनदा भाषांतर होताना नावाचे स्पेलिंग बदलण्याचा धोका असतो.

पत्त्याच्या आणि नावाच्या बाबतीत आपल्या भागाची स्वतःची अडचण आहे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या गुणपत्रिकेवर बेलगाम आणि नव्या आधारवर बेळगावी असते. मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो, तर इतर कागदांवर वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर. पासपोर्टवरील नाव प्रमाण मानून फरकांसाठी एकच प्रतिज्ञापत्र करावे आणि जीएसटी, उद्यम व बँक यांतील नाव पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे.

पात्रतेसाठी पदवी किंवा त्या क्षेत्रातील तीन वर्षांचा अनुभव चालतो. आपल्याकडचे अनेक जण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे पदवीधर आहेत. पदवीला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का, लागतो. पदवी महाराष्ट्रातील असेल, तर अपोस्टिलपूर्वीचे राज्यस्तरीय साक्षांकन महाराष्ट्राचेच लागते. राहता कर्नाटकात म्हणून ते बेंगळुरूत होत नाही. पोलीस चारित्र्य दाखल्यालाही अपोस्टिल हवे. याखेरीज स्पेनमधील स्वयंरोजगारांच्या सामाजिक सुरक्षा योजनेत नाव नोंदवण्याची लेखी हमी द्यावी लागते. तिथे पोहोचल्यावर त्याचा मासिक हप्ता सुरू होतो, हे खर्चाच्या हिशोबात आधीच धरावे.

वकिलातीकडून मिळणारा व्हिसा जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो आणि पुढे स्पेनमध्ये राहूनच तीन वर्षांपर्यंतच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्या वेळीही याच अटी तपासल्या जातात. म्हणून निपाणीच्या डिझायनरने तिथे गेल्यावरही दर महिन्याच्या अखेरीस ग्राहकनिहाय रकमा एका वहीत उतरवून स्पॅनिश वाट्याची टक्केवारी बाजूला लिहायची, असे आम्ही ठरवले. आयर्लंडचा करार तिने त्याआधीच आणखी अठरा महिन्यांसाठी वाढवून घेतला.