अंगठ्यावर चालणारे बचत खाते : या चुका टाळा

सर्वात महागात पडणारी चूक घरचेच करतात, तीही कौतुकापोटी. समजा, मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींचे खाते उघडायचे आहे. लेक आठवडाभर वहीत नाव गिरवून घेतो, आणि फॉर्मवर मावशी थरथरत का होईना, सही करतात. बँकेच्या नोंदीत तीच सही नमुना म्हणून बसते. पुढे दोन महिन्यांनी पैसे काढायला गेल्यावर एखादी मात्रा हुकते, काना वाकडा होतो आणि काउंटरवरून स्लिप परत येते : सही जुळत नाही. मावशी म्हणतात, "मग अंगठा घ्या की!" पण नोंद सहीची असताना अंगठ्यावर पैसे मिळत नाहीत.

अशा वेळी मावशींनी स्वतः पासबुक, मूळ आधार कार्ड आणि फोटो घेऊन शाखेत जावे, 'यापुढे खाते अंगठ्यावर चालवावे' असा अर्ज द्यावा आणि अधिकाऱ्यासमोर नवा नमुना उठवावा. हात सरावलेला नसेल तर पहिल्या दिवसापासूनच अंगठा द्यावा. त्यात कमीपणा कसला?

ठसा उठवतानाही घाई नको. लसूण सोलून किंवा भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ठसा फिका येतो म्हणून लोक पॅडवर अंगठा आणखी दाबतात, आणि कागदावर नुसता निळा डाग उरतो. हात धुऊन कोरडा करावा, शाई थोडीच घ्यावी, अंगठा एकदाच हलका टेकवून सरळ उचलावा. रेषा दिसल्या तरच ठसा चांगला. खाते उघडताना ज्या हाताचा अंगठा दिला, त्याच हाताचा पुढेही द्यावा आणि शेजारी नाव व 'डावा' की 'उजवा' हे लिहून घ्यावे.

घरी अंगठा उठवून स्लिप नातवाच्या हाती पाठवली तर ती परतच येणार, कारण ठसा खातेदाराने अधिकाऱ्यासमोर द्यायचा असतो. आजारपणामुळे शाखेत येणे जमत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अंगठ्याची किंवा पायाच्या अंगठ्याची ओळख बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी पटवावी लागते. त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. म्हणून आधी व्यवस्थापकाला भेटून, कोणी घरी येऊ शकेल का, हे विचारावे.

नॉमिनेशनचा फॉर्म मात्र बहुतेक जण विसरतात. सही करणाऱ्याला तिथे साक्षीदार लागत नाहीत, अंगठा देणाऱ्याला दोन लागतात. ज्याला नॉमिनी करायचे त्यालाच साक्षीदार म्हणून उभे करू नका.

आणि सोय म्हणून लेकाचे नाव संयुक्त खातेदार म्हणून घालण्याआधी थांबा. 'दोघांपैकी कोणीही' अशी सूचना असेल, तर मावशींचा अंगठा न लागता तो सगळी रक्कम काढू शकतो.